हा खांब कशावर उभाय?

जुन्या नाशकात, गोदाघाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात एक वाडा आहे. पुढचं दार वरच्या रस्त्यावर, मागचं दार खालच्या गल्लीत, आणि दोन्हींच्या पातळीत पावणेदोन मीटरचा फरक. घराचे वारस अकरा जण. मोठी दुरुस्ती करायची होती, पण एका चुलतभावाचा हट्ट होता की माजघरातली मधली भिंत पाडून हॉल करावा. दुरुस्तीच्या आर्किटेक्ट मॅडमनी त्यांना मोजून काढलेला छेद दाखवला होता. काळ्या रेषांचा तो नकाशा अकरापैकी दोघांनाच कळला. म्हणून मला फोन आला: वाडा मधोमध कापल्यासारखं खऱ्यासारखं दिसणारं सहा फुटी चित्र हवं, रविवारच्या बैठकीत भिंतीवर लावायला. हातात चार दिवस होते. मी इमारतींची चित्रं करते आणि गेली काही वर्षं त्यासाठी स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे शब्दांवरून चित्र काढणारं मॉडेल वापरते.

पहिल्या दिवशी मी जे लिहिलं ते असं:

```
photorealistic cutaway of an old three storey
Indian wada house, detailed interior, cinematic light
```

बाहुलीचं घर आलं. भिंती बॉम्ब पडल्यासारख्या वेड्यावाकड्या तुटलेल्या, मजले तीनऐवजी चार, आणि मधल्या चौकावरून माडीची जमीन सरळ आरपार गेलेली, म्हणजे चौक गायबच. ‘सिनेमॅटिक’ म्हटल्यामुळे खालचा मजला पार काळोखात बुडाला होता. चूक माझीच होती. मी खोल्यांचं वर्णन केलं होतं, कापाचं नाही. काप कुठून गेलाय, कसा गेलाय आणि कापलेल्या कडा कशा दिसतात हे चित्राला सांगितलं नाही, तर ते ‘कटअवे’ या शब्दाशी जोडलेलं जे काही त्याने पाहिलंय ते आणतं, आणि त्यात खेळणी फार असतात.

काप कुठून घ्यायचा हे आर्किटेक्ट मॅडमच्या छेदात ठरलेलंच होतं: खांबांच्या रांगेतून नाही, दोन रांगांच्या मधून. खांबातून कापलं तर खांब उभा चिरला जातो आणि भिंतीसारखा दिसतो. मधून कापलं की मागची रांग अख्खी उभी दिसते आणि वरचा मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांची, म्हणजे कड्यांची, चौकोनी टोकं ओळीने समोर येतात. मग मी असं लिहिलं:

```
sectional perspective photograph, front wall sliced away
by one flat vertical plane, cut faces plain dark charcoal,
thick timber floors cut straight across, open courtyard
in the middle, sky above it, deep focus, even daylight
```

नको असलेल्या गोष्टी मी वेगळ्या रकान्यात टाकल्या: `dollhouse, miniature, ruins, fog, bokeh, text`. मुख्य वाक्यात ‘धुकं नको’ असं लिहिलं की बऱ्याचदा धुकंच येतं, कारण ‘नको’पेक्षा ‘धुकं’ हा शब्द जास्त जोर धरतो. वाक्यही आखूड ठेवलं. हे मॉडेल एका वेळी शब्दांचे सुमारे 75 तुकडे वाचतं, पुढचा मजकूर वेगळ्या गठ्ठ्यात जातो आणि त्याचा धागा सैल होतो.

कापलेल्या कडांच्या रंगावर मी बराच वेळ घालवला. आधी मला तिथे खरी वीट आणि मातीचा गिलावा दाखवायचा होता. दिसायला छान होतं, पण कापलेली भिंत आणि तिच्या मागची भिंत एकमेकींत मिसळली आणि वाडा कुठे कापलाय तेच कळेना. वाड्याच्या खोल्या चुन्याने पांढऱ्या आहेत, म्हणून कडा गडद आणि सपाट केल्या. भिंतीचा काप कोणी कधी डोळ्यांनी पाहत नाही, त्यामुळे तिथे खरेपणाचा आग्रह धरून काही मिळत नाही. खरेपणा खोल्यांत हवा: घासून गुळगुळीत झालेला उंबरा, देवळीतली काजळी, घडवंचीवरच्या गोधड्या.

तरी मजले वितळतच होते. तेव्हा मी कागदावर हिशेब मांडला. चित्र 1216 बाय 832 पिक्सेलचं, त्यात अठरा मीटर लांब आणि अकरा मीटर उंच वाडा. म्हणजे एका मीटरला साधारण 64 पिक्सेल. तुळई, कडी, किलचण आणि वरचा मातीचा थर मिळून मजल्याची जाडी 45 सेंटिमीटर, म्हणजे 29 पिक्सेल. पण हे मॉडेल पिक्सेलांवर काम करत नाही. ते आठ-आठ पिक्सेलांच्या चौकोनी घरांवर काम करतं. अख्ख्या मजल्याला चारही घरं मिळत नव्हती, आणि दहा सेंटिमीटरच्या कडीला तर एकसुद्धा नाही. कड्यांची टोकं दातांसारखी धूसर का होत होती ते तेव्हा उमगलं. इतकं बारीक काही नुसत्या शब्दांनी मागून मिळणार नव्हतं.

मग ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये वाड्याचे नुसते ठोकळे उभे केले: भिंती, मजले, खांब, जिना, आणि पुढच्या अर्ध्या भागाखाली भरीव जमीन. तळघर फक्त मागच्या अर्ध्यात आहे, पण मॉडेल ते दरवेळी पुढेपर्यंत खणत होतं. कॅमेरा ओसरीवर उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला ठेवला, त्यामुळे तळघराची जमीन वरून दिसते आणि माडीचं छत खालून. मग त्या ठोकळ्यांचा खोलीनकाशा, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा नकाशा काढला, ज्यात जवळचं पांढरं आणि लांबचं काळं असतं, आणि तो कंट्रोलनेटला दिला, जे मॉडेलला अशा नकाशाला धरून चित्र काढायला लावतं. छेदासाठी हा नकाशा रेषांपेक्षा बरा पडतो, कारण कापलेल्या साऱ्या कडा एकाच अंतरावर असतात आणि एकसंध पांढऱ्या पट्ट्यांसारख्या उठून दिसतात. नकाशाचं वजन 0.9 ठेवलं आणि चित्र घडण्याचे 70 टक्के टप्पे झाल्यावर त्याची पकड सोडली, म्हणजे शेवटी लाकडाचा पोत मोकळेपणाने यावा. मजले जागेवर बसले. चौक उघडा राहिला. गुरुवारी रात्री मी समाधानाने झोपले.

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप घेऊन वाड्यात गेले. श्रावणाची भुरभूर होती, चौकात बादल्या मांडलेल्या. ओसरीवर आर्किटेक्ट मॅडम, घरातले काका, काकांच्या आई आणि दुरुस्तीचे मिस्त्री. मिस्त्री पिढीजात सुतार, साठीपुढचे. सगळे ‘वा, वा’ म्हणत होते. मिस्त्रींनी मात्र चष्मा वर सरकवला, माडीवरच्या एका खांबावर बोट ठेवलं आणि ते सरळ खाली ओढत आणलं. बोट माजघराच्या मोकळ्या छतावर आलं.

“ताई, हा खांब कशावर उभाय?”

मी पाहिलं. खाली काहीच नव्हतं. सुंदर कोरलेला, सागवानी, तेल पाजल्यासारखा खांब, आणि दोन कड्यांच्या मधोमध अधांतरी.

“वरचा खांब खालच्या खांबावर किंवा भिंतीवरच बसतो. आणि त्या मधल्या भिंतीवरचा खांब कुठंय?” तो खांब चित्रात नव्हताच. तो एक खण बाजूला सरकून इथे उगवला होता. म्हणजे ज्या भिंतीवरून घरात भांडण चाललं होतं, तिच्यावर काहीच टेकलेलं नाही, असं माझं चित्र सांगत होतं. हे चित्र रविवारी लागलं असतं तर चुलतभावाने त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं. माझे हात गार पडले.

काका म्हणाले, “अहो, एवढं कोण बघतंय!” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बघण्यासाठीच लावतोय ना काका.”

तिथेच ओसरीवर बसून कारण शोधलं. माझ्या ठोकळ्यांत खांब बरोबर जागी होता. खोट खोलीनकाशात होती. चौकातून पलीकडची घरं दिसावीत म्हणून मी साठ मीटर लांबपर्यंतचं अंतर नकाशात घेतलं होतं. काळ्या-पांढऱ्याच्या 256 छटा त्या साठ मीटरमध्ये वाटल्या गेल्या. खांब आणि त्याच्यामागची भिंत यांत सव्वा मीटरही अंतर नाही, म्हणजे दोघांमध्ये जेमतेम पाच छटांचा फरक. मॉडेलला खांब दिसलाच नाही. ‘लाकडी वाडा’ म्हटल्यावर खांब हवेत एवढं त्याला ठाऊक, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने एक रोवला. मी नकाशाची हद्द कापापासून सहा मीटरवर आणली. तोच फरक पन्नास छटांवर गेला आणि खांब ठसठशीत उमटले. पलीकडची घरं गेली, त्याचं मला काही वाटलं नाही.

कड्या अजून धूसर होत्या. त्यासाठी एकेका मजल्याचा पट्टा तुकड्यांनी निवडून इनपेंटिंग केलं, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा काढून घेतला. तीनशे पिक्सेलचा तुकडा हजारावर नेऊन पुन्हा रंगवला की सहा पिक्सेलची कडी वीस पिक्सेलची होते आणि तिला चौकोनी टोक येतं. प्रत्येक तुकड्याला त्या जागेपुरतं वेगळं वाक्य दिलं. अख्ख्या वाड्याचं वाक्य तसंच ठेवलं तर कडीच्या टोकातही छोटा वाडा उगवायला लागतो. असे चौदा तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यानंतर मिस्त्रींचं बोट वरून खाली.

संध्याकाळी आजींनी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्यांनी बाकी काही न पाहता तळघराच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. “नऊच काढल्यास गं. तेरा आहेत.” माझ्या ठोकळ्यांत तेरा होत्या, चित्राने चार गिळल्या होत्या. एक पायरी वीस सेंटिमीटरची, तिचा पुढे आलेला भाग त्याहून थोडा जास्त, म्हणजे जेमतेम दीड-दोन घरं. शब्दांत ‘तेरा पायऱ्या’ लिहून उपयोग नव्हता, आकडा या मॉडेलला मोजता येत नाही. मी जिना ब्लेंडरमधून जसाच्या तसा आणून चित्रावर चिकटवला आणि त्यावर फक्त दगडाचा पोत हलक्या हाताने फिरवला.

“तेराच का हव्यात, आजी?” मी विचारलं.

“एकोणसत्तरच्या पुरात मागल्या दारानं पाणी आलं. सासरे कंदील घेऊन इथं बसून पायऱ्या मोजत होते. सातवी बुडाली आणि मग थांबलं.”

पाण्याची रेघ मी मॉडेलकडून काढून घेतली नाही. खालून सातवी पायरी म्हणजे मागच्या गल्लीपासून एक मीटर चाळीस. तेवढं मोजून पट्टीने निळी रेघ ओढली, आणि मॅडमचा मोजलेला छेद तितक्याच आकारात चित्राच्या शेजारी लावायचं ठरलं, कारण माप घ्यायचं तर ते त्याच्यावरूनच घ्यायला हवं.

रविवारी मी मागे उभी होते. चुलतभाऊ चित्रासमोर बराच वेळ थांबला. मग त्याने माडीवरच्या खांबावर बोट ठेवलं आणि ते खाली आणत आणत मधल्या भिंतीवर थांबवलं.

“म्हणजे माडी हिच्यावर बसलीय?”

मिस्त्री म्हणाले, “हो.”