कार्डावर चेहरा होता, कामावर नव्हता

सोमवार, स्प्रिंटचा सहावा दिवस

सकाळी आयटी पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाताना कुणालनं सहज विचारलं, "ताई, जुन्या बिलांचं टेबल कोण बदलतंय?" मी म्हटलं, "तूच ना?" तो म्हणाला, "मी काहून? मी तर स्क्रीन करतोय." पुढचे पोहे काही गोड लागले नाहीत.

ऑफिसात पोचताच, कामांची नोंद ठेवतो त्या जिरात हा शोध टाकला:

```
project = BILL AND sprint in openSprints()
AND assignee is EMPTY AND statusCategory != Done
```

चालू स्प्रिंटमधली, न संपलेली आणि कुणाचंच नाव नसलेली चार कामं निघाली. टेबल बदलायचं काम सब-टास्क होतं. वरच्या कार्डावर कुणालचा फोटो, म्हणून बोर्ड बघताना सगळं भरलेलं वाटायचं. पण सब-टास्कला नाव वेगळं द्यावं लागतं, वरचं नाव आपोआप खाली उतरत नाही. प्लॅनिंगच्या शेवटी जेवायच्या घाईत आम्ही सब-टास्क पाडले आणि उठलो, त्याचंच हे फळ.

दोन कामं किरकोळ मजकूर बदलायची होती. ती मुद्दाम तशीच ठेवली; ज्याचा हात मोकळा होईल तो उचलेल. तिसऱ्याची आता गरजच नाही, प्रॉडक्ट ओनरला विचारून काढून टाकलं. टेबलाचं मात्र थांबवता येण्यासारखं नव्हतं, कारण स्नेहलचं टेस्टिंग बुधवारी सुरू होतं आणि ते या बदलाशिवाय हलत नाही.

हात आपसूक प्रवीणभाऊंच्या नावाकडे गेला. तो डेटाबेस त्यांनाच पाठ आहे. पण त्यांच्याकडे आधीच तीन कामं चालू. मागे मी असंच त्यांचं नाव टाकलं होतं. रकाना भरला, काम आठवडाभर जागचं हललं नाही.

म्हणून नाव न टाकता स्टँडअपमध्ये विचारलं. सगळे गप्प. मग भाऊच म्हणाले, "द्या, करतो मी." मी विचारलं, "तीनपैकी कोणतं बाजूला ठेवता?" ते छताकडे बघायला लागले. तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "माझं एकच आहे, दुपारी संपतंय. पण त्या टेबलाला मी कधी हात नाही लावला." ठरलं असं: काम ऋतुजाचं, तीन वाजता भाऊंचा अर्धा तास तिच्यासोबत आणि स्क्रिप्ट तपासायची तीही त्यांनीच. ती पुढे घेणार होती ते कार्ड या स्प्रिंटमध्ये होणार नाही, हे प्रॉडक्ट ओनरला तेव्हाच सांगितलं.

संध्याकाळी तिनं डेटाच्या कॉपीवर स्क्रिप्ट चालवली आणि ती अडकली. नवा कॉलम रिकामा ठेवलेला चालत नाही, आणि जुन्या बिलांत तिथे भरायला काहीच नाही. भाऊ तिच्या खुर्चीमागे उभं राहून हसले, "मला माहीत होतं, सांगायचं राहिलं."

घरी आल्यावर आठवलं, सुटीवर गेलेल्या एकाच्या नावावर दोन कार्डं आहेत. नाव आहे, त्यामुळे सकाळच्या शोधात ती येणारच नव्हती. उद्या आधी ती बघते.