काकूंच्या वाटीचा स्टिकर

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करतो, चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर फायली शोधतो. अहो, फाईल शोधणं सोपं, नंबर असला की मिळते. समोरच्याला नेमकं काय हवंय ते शोधणं अवघड, कारण बरेचदा त्यालाच ते माहीत नसतं आणि आम्हीही विचारत नाही. माझ्याकडून तेच झालं, म्हणून लिहितोय.

सत्तरीच्या काकू, हातात काठी. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडेच उजव्या खुब्याचा सांधा बदललेला, आता तो दुखायला लागलेला आणि दाखवत होत्या दुसऱ्या डॉक्टरांना. अर्जात लिहिलं होतं, ‘डिस्चार्ज समरीची प्रत मिळावी’. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’, जे शंभरातले नव्वद लोक लिहितात. सिस्टीममधून काढली, सही-शिक्का मारला, दहा मिनिटांत काम झालं. मला वाटलं वा, काय फास्ट सर्व्हिस.

आठ दिवसांनी काकू परत. "बाळा, डॉक्टर म्हणाले यात काहीच नाहीये."

आणि खरंच नव्हतं. समरीत काय, तर ‘उजव्या खुब्याचा सांधा बदलला, अनसिमेंटेड, ऑपरेशन व्यवस्थित पार पडले, टाके पंधराव्या दिवशी काढणे’. आमचे ज्युनिअर डॉक्टर आधीच्या पेशंटची समरी कॉपी करून त्यात नाव आणि बाजू बदलतात, असं मी म्हटलं तर त्यांना राग येतो, पण एकदा एका पुरुषाच्या समरीत ‘ती चालू लागली’ असं मी स्वतः वाचलंय. ते असो. समरी म्हणजे सारांशच, पुढचे काही आठवडे सांभाळायला केलेला, अकरा वर्षांनी कोणी सांधा उघडणार आहे या हिशेबाने ती लिहिलेलीच नसते.

मग काकूंनी दुसरा अर्ज केला, ‘संपूर्ण फाईल’. मी एकशे चाळीस पानं छापून दिली. नर्सिंग चार्ट, ताप-बीपीचे तक्ते, सलाईनचा हिशेब, सगळं. गठ्ठा पिशवीत मावेना. तेव्हाही विचारलं नाही की डॉक्टरांना यातलं हवंय काय.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मात्र त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. तीन ओळी होत्या. बसवलेल्या सांध्याची कंपनी, मॉडेल आणि साईझ, इम्प्लांट स्टिकरची वाचता येईल अशी प्रत, आणि तेव्हापासूनचे सगळे एक्सरे सीडीवर डायकॉममध्ये, म्हणजे मूळ डिजिटल फाईलच्या स्वरूपात. ही चिठ्ठी पहिल्या दिवशी असती तर!

इथे जरा खुलासा करतो. बदललेल्या खुब्यात मुख्य तुकडे चार. मांडीच्या हाडात ठोकलेला दांडा, त्यावरचा गोळा, कमरेच्या हाडात बसवलेली धातूची वाटी आणि वाटीच्या आतलं, बहुतेक वेळा प्लास्टिकचं, अस्तर, त्याला लायनर म्हणतात. वर्षानुवर्षं घासून झिजतं ते अस्तर. दांडा आणि वाटी हाडात घट्ट असतील तर बरेचदा फक्त गोळा आणि अस्तर बदलून भागतं. पण अस्तर वाटीत खटकन बसतं ते त्या त्या कंपनीच्या खाचेत, एकाचं दुसऱ्यात बसेलच असं नाही. गोळ्याचंही तसंच, दांड्याच्या टोकाशी तो जुळावा लागतो. माहितीच नसेल तर चांगली रुजलेली वाटीसुद्धा काढायची वेळ येऊ शकते आणि ती निघताना हाडही थोडं घेऊन निघते. एक्सरेवरून अंदाज येतो, पण ऑर्डर द्यायला अंदाज पुरत नाही.

आणि हे सगळं लिहिलेलं असतं एका स्टिकरवर. प्रत्येक तुकड्याच्या खोक्यात जास्तीचे स्टिकर असतात, ऑपरेशन चालू असतानाच सिस्टर ते फाईलमधल्या एका पानावर चिकटवतात. कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, साईझ, सगळं त्यावर.

मी गठ्ठ्यातलं ते पान काढलं. चार काळे चौकोन! मूळ स्टिकर चंदेरी असणार आणि आमचं जुनं स्कॅनिंग ब्लॅक-अँड-व्हाइट, त्यामुळे चकाकणारं सगळं काळं झालेलं. पान दिलं होतं, मोजून दिलं होतं, उपयोग शून्य. स्कॅन करून झाल्यावर ते पान वाचता येतंय का हे कोणी बघायचं, यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्यात, उत्तर अजून नाही.

मूळ फाईल बाहेरच्या गोदामात होती, यायला पाच दिवस लागले. मी स्वतः उघडली. पान पिवळं पडलेलं, स्टिकर तीन, आणि चौथ्याच्या जागी डिंकाचा तपकिरी डाग. दांडा होता, गोळा होता, अस्तर होतं. नेमकी वाटीच गेलेली.

आता रेकॉर्ड रूमचं काम इथे संपतं. पण बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये इम्प्लांटचं वेगळं रजिस्टर असतं आणि दुसरा स्टिकर तिथे लागतो, हे मला माहीत होतं. (बाहेरच्या कोणालाच माहीत नसतं, आणि विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही.) ओटीच्या सिस्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "तारीख सांगा." मी काकूंनी दिलेली तारीख सांगितली, त्या दिवशी खुब्याचं एकही ऑपरेशन नाही. दोघंही गप्प. मग लक्षात आलं, ती भरती झाल्याची तारीख होती, ऑपरेशन दोन दिवसांनी झालेलं. फाईलमधली ऑपरेशन नोट बघितली, रजिस्टरमध्ये दोन पानं पुढे गेलो आणि तिथे चारही स्टिकर, चकचकीत. तिथे नसतं मिळालं तर स्टोअरमध्ये खरेदीच्या नोंदी चाळायच्या, तेवढाच मार्ग उरला होता.

या वेळी रंगीत स्कॅन केला, लॉट नंबर मोठा करून वाचून बघितला, मगच शिक्का. एक्सरे आमच्याकडे नसतातच, ते रेडिओलॉजीच्या सर्व्हरवर, त्यांचा अर्ज वेगळा. काकूंबरोबर तिथेही गेलो, नाहीतर तिथला मुलगा स्क्रीनचा फोटो नाहीतर नुसता रिपोर्ट हातात ठेवतो, आणि त्यावर सर्जनला नीट माप घेता येत नाही.

काकूंचा चौथा अर्ज मीच सांगून लिहून घेतला होता. भरतीच्या वेळी होतं तसंच नाव, समरीच्या वरच्या कोपऱ्यातला त्या भरतीचा नंबर, ऑपरेशनची तारीख, मग ‘ऑपरेशन नोट आणि इम्प्लांट स्टिकरचे पान, मूळ कागदावरून रंगीत प्रत, फाईलमध्ये नसल्यास ओटी रजिस्टरमधून’. आणि कारण, ‘त्याच सांध्याचे पुन्हा ऑपरेशन’. वैयक्तिक नाही. चार ओळी झाल्या, ‘संपूर्ण फाईल’पेक्षा तीनच जास्त.

जाताना काकू म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस रे?" मी म्हटलं तुम्ही विचारलंच नाही काकू. म्हणून गेलो आणि दिवसभर ते डोक्यात राहिलं, कारण काय विचारायचं ते त्यांना कळायचं कसं, ते मला माहीत होतं की.

छापील फॉर्म बदलायला वरून मंजुरी लागते, तीन महिने झाले आलेली नाही. तोवर ‘कारण’ या रकान्याखाली मी प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलने लिहून ठेवतो, ‘डॉक्टरांनी नेमकं काय मागितलंय? चिठ्ठी आहे का?’