शेअर ४ टक्के वर, तरी स्ट्रॅडलमध्ये घाटा

आमच्या इंदूरच्या ब्रोकर ऑफिसात मी डीलर. रामबागेतले एक काका, बँकेतून रिटायर, एका दुपारी आले न् म्हणाले, "आज संध्याकाळी रिझल्ट आहे, वर जाओ की खाली, मला काय, दोन्ही घेऊन टाक." शेअर १५०० ला होता, एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायला, १२ दिवस. १५०० चा कॉल, म्हणजे त्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, ४७ ला; पुट, म्हणजे त्याच भावाला विकण्याचा हक्क, ४५ ला; दोन्हींची जोडी म्हणजे स्ट्रॅडल, ९२ चा, लॉट ५०० शेअरचा, ४६ हजार गेले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ९२ म्हणजे शेअरच्या ६ टक्क्यांच्या वर. बाजार आधीच धरून बसलाय की एवढी उडी येणार, न् त्याचे पैसे तो ऑप्शनच्या किमतीत, प्रीमियममध्ये घेतोय. मागच्या चार रिझल्टला हा शेअर ३ ते ५ टक्केच हलला होता, चार्टवर दोन मिनिटांत दिसतं.

सकाळी पोहे घेऊन बसलो, सव्वानऊला शेअर उघडला १५६० ला, पूर्ण ४ टक्के वर! काका फोनवर खूश. मी स्क्रीन बघतोय तर कॉल ६६, पुट ६. दोन्ही मिळून ७२.

"अरे पण वर गेला ना? माझे वीस रुपये खाल्ले कोणी?"

खाल्ले आयव्हीने काका. आयव्ही म्हणजे शेअर किती हलेल याचा ऑप्शनच्या भावात धरलेला अंदाज. काल रिझल्ट काय येईल कोणालाच माहीत नव्हतं म्हणून दोन्ही ऑप्शन फुगलेले, आयव्ही ४२ च्या आसपास. आज रिझल्ट आला, धास्ती संपली, २४ वर आली. ६६ मधले ६० तर नुसता भावातला फरक, वरचे ६ फक्त हवा. पुटमध्ये तर हवाच उरली.

मग म्हणाले, स्ट्रँगल, म्हणजे कॉल वरच्या भावाचा न् पुट खालच्या भावाचा, घेतला असता तर स्वस्तात सुटलो असतो. तेही बघितलं. १५६० चा कॉल न् १४४० चा पुट, दोन्ही मिळून काल ४४ होते, आज २७. रुपयांत घाटा कमी, १७ चा, पण लावलेल्या पैशातले जवळजवळ ३९ टक्के गेले, स्ट्रॅडलमध्ये २२. स्वस्त माल लवकर वितळतो, कारण त्यात सगळी हवाच असते.

काकांना थांबायचं होतं, अजून वर जाईल म्हणून. मी म्हटलं, आता हा स्ट्रॅडल राहिलाच नाही, पुट मेलाय, तुम्ही फक्त तेजीवर बसलाय, तसं बसायचं असेल तर ठरवून बसा. उघडताना कॉलला घेणाऱ्याची बोली ६१ न् विकणाऱ्याची मागणी ७१ होती, मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली असती तर पाच रुपये तिथेच गेले असते; ६६ ची लिमिट लावली, नऊ-पंचवीसला कॉल सुटला.

पुट मात्र विकू देईनात. "राहू दे, लॉटरी आहे." ६ चा पुट एक्स्पायरीला शून्य झाला, १० हजारांचा घाटा १३ वर गेला. पोहे तर केव्हाच गार झाले होते.