नऊ वार म्हणजे खरंच नऊ का?

लग्नासाठी नऊवारी घ्यायला गेलं की दुकानात सगळ्या नजरा काठपदरावर असतात. माझी आत्या मात्र आधी विचारते, "ब्लाउजपीस यातच आहे का?" हा प्रश्न फार कामाचा आहे. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. त्यातच 80 सेंटिमीटरचा ब्लाउजपीस धरलेला असेल, तर नेसायला उरतात 7.4 मीटर, म्हणजे जेमतेम आठ वार. शिडशिडीत मुलीचं त्यात भागतं. आत्या उंच आणि अंगानं भरलेली, तिचं नाही भागत. पदर कमरेपर्यंत पुरवावा तर निऱ्या कमी पडतात, निऱ्या पुरवाव्यात तर कासोटा ताणला जातो. उभं असताना हे कळतच नाही. पंगतीत मांडी घालायची वेळ आली की मागची खोच सुटू पाहते. म्हणून ती दुकानदाराला साडी पूर्ण उलगडून मोजायला लावते. पूर्वी अठरा हात म्हणत, तो हिशोबही ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात धरून करून पाहते. दुकानदार मनातून वैतागत असेल, पण वैतागू दे.

लांबी जमली की वजन. नऊवारीत परकराची नाडी नसते, सगळा भार पोटावरच्या एका गाठीवर असतो. भरजरी पैठणी सकाळी अंगावर शोभते, पण दुपारपर्यंत ती गाठ कमरेत रुतायला लागते, नाहीतर सैलावते. शिवाय रुंद जरीचा काठ कासोट्यात पायांच्या मधून मागे जातो आणि चालताना मांड्यांना घासतो. दिवसभर नेसायची असेल तर दोन-तीन बोटांचा काठ मला पुरेसा वाटतो. फोटोत तो कमी दिसेल, पण नवरीकडच्यांना फोटोपेक्षा धावपळच जास्त असते.

पोताची परीक्षा आत्या काउंटरवरच करते. हातात पाच-सहा निऱ्या घालते, मुठीत दाबते आणि सोडते. टपकन उघडून फुलल्या तर कापड ताठ, कमरेशी त्याचा गठ्ठा होणार. हातातून निसटल्या तर सुळसुळीत, गाठ टिकणार नाही. कृत्रिम रेशीम बहुधा असं निसटतं, वर घामही शोषत नाही. मऊ पडून जागच्या जागी राहिल्या तर मग भाव विचारायचा. सुती अंगाची इरकल या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होते.

शेवटी ती कापडाखाली हात धरून उजेडात बघते. आत परकर नसल्यामुळे फिकट रंगात हे बघावंच लागतं. हाताची बोटं मोजता आली, तर साडी कितीही आवडलेली असो, ती घडी घालून परत देते.