कन्नडमधून लिहिलेले विनंतीपत्र: शिफारसपत्रासाठी सरांना पाठवलेल्या ई-मेलचा माझा अनुभव

मी निपाणीची. शाळा मराठी माध्यमाची, पण बी.ए. धारवाडला केले आणि इतिहासाचे बहुतेक शिक्षण कन्नडमधून झाले. ब्रिटनमधील एका विद्यापीठात दक्षिण आशियाच्या इतिहासात एम.ए. करण्यासाठी अर्ज भरताना शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे आवश्यक होती. त्यांपैकी एक मला शिलालेखांचा विषय शिकवणाऱ्या सरांकडूनच हवे होते. सर वर्गात कन्नड बोलत, माझ्या प्रबंधावरचे शेरे कन्नडमध्ये लिहीत आणि विद्यार्थ्यांच्या ई-मेलनाही कन्नडमध्येच उत्तर देत. ज्या भाषेत त्यांनी माझे काम पाहिले होते त्याच भाषेत विनंती करणे मला योग्य वाटले. मात्र रोजचे कन्नड बोलणे आणि गुरुजनांना नेमके पत्र लिहिणे यांत बरेच अंतर असते, आणि ते कसे पार केले ते इथे सविस्तर मांडत आहे.

पहिला प्रश्न संबोधनाचा होता. कन्नडमध्ये 'नीवु' म्हणजे तुम्ही, आणि त्याहून आदराचे 'तावु' म्हणजे आपण. सरांशी बोलताना आम्ही सगळे 'नीवु' म्हणत असू आणि त्यात काही गैर नव्हते, पण लेखी विनंतीसाठी मी 'तावु' निवडले. ते एकदा निवडले की शेवटपर्यंत सांभाळावे लागते, कारण त्याच्याबरोबर 'तम्म' आणि 'तमगे' ही रूपे येतात, तर 'नीवु'बरोबर 'निम्म' आणि 'निमगे'. क्रियापदाचे रूप दोन्हींकडे सारखेच राहते, त्यामुळे चूक क्रियापदात दिसत नाही, ती या लहान शब्दांत लपते. पहिल्या परिच्छेदात 'तम्म मार्गदर्शनदल्लि' आणि तिसऱ्यात 'निम्म अनुकूल' असे झाले, तर वाचणाऱ्याला पत्र दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखे वाटते. म्हणून मसुदा झाल्यावर मी केवळ हीच रूपे शोधत एकदा सगळे पत्र वाचले.

विनंतीचे वाक्य सर्वांत अवघड होते. आपल्या मराठी अर्जांत 'द्यावे ही नम्र विनंती' असते, तसाच कन्नड अर्जांत 'नीडबेकागि विनंति' हा साचा रूढ आहे, आणि त्यातल्या 'बेकु'चा अर्थ पाहिजे असा होतो. रजेच्या अर्जाला किंवा दाखल्याच्या मागणीला तो शोभतो, कारण ती कामे कार्यालयाने करायचीच असतात. शिफारसपत्र मात्र प्राध्यापकांचे कर्तव्य नव्हे. ज्यांना मनापासून काही सांगायचे आहे त्यांनीच ते लिहावे, नाहीतर चार ओळींचे कोरडे पत्र मिळते आणि त्याने अर्जाचे नुकसानच होते. म्हणून नकार देता येईल असे वाक्य मला हवे होते. खोलीतल्या मैत्रिणीची थोरली बहीण हुबळीला कन्नड शिकवते. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. मी तिला फोनवर मसुदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगं, 'बेकु' काढ. सरांना विचारतेयस ना, मग विचार." मग वाक्य असे झाले:

"ई प्रवेशक्कागि तावु ननगे शिफारसु पत्र बरेदुकोडलु साध्यवे एंदु केळलु ई पत्र बरेयुत्तिद्देने."

म्हणजे या प्रवेशासाठी आपण मला शिफारसपत्र लिहून देऊ शकाल का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्याला लागूनच दुसरे वाक्य होते: "समयद अभावदिंदलो बेरे कारणदिंदलो तमगे अनुकूलवागदिद्दरे दयविट्टु तिळिसि, नानु बेरे व्यवस्थे माडिकोळ्ळुत्तेने." वेळेअभावी किंवा अन्य कारणाने आपल्याला सोयीचे नसेल तर कृपया कळवावे, मी दुसरी व्यवस्था करीन. ही वाट मोकळी ठेवायची तर मुदत पुरेशी दूर असायला हवी, नाहीतर ते केवळ बोलणे ठरते. अर्जाची शेवटची तारीख 31 जानेवारी होती आणि मी डिसेंबरच्या मध्यापूर्वीच लिहिले. सरांनी नाही म्हटले असते तरी दुसऱ्या प्राध्यापकांना विचारायला वेळ होता.

'बेकु' पूर्णपणे टाळणेही शक्य नव्हते, कारण पत्र इंग्रजीत असणे आणि ते ठरावीक तारखेपूर्वी पोहोचणे या दोन्ही अटी सांगायच्याच होत्या. तिथे मी अट विद्यापीठाच्या तोंडी घातली: "पत्रवु इंग्लिषिनल्लिरबेकु एंदु विश्वविद्यालय तिळिसिदे." पत्र इंग्रजीत असावे असे विद्यापीठाने कळवले आहे. 'इरबेकु' हे रूप तेच राहिले, पण त्याचा भार सरांवरून उतरून विद्यापीठाच्या नियमावर गेला.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आदर कितीही नीट सांभाळला तरी, सरांना लिहायला काही साहित्य मिळाले नाही तर 'ही विद्यार्थिनी हुशार व कष्टाळू आहे' यापलीकडे पत्र जाणार नाही. ते वर्षाला कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवतात, त्यामुळे माझे नाव आठवेल पण माझे काम तपशिलाने आठवेलच असे नाही. म्हणून पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात मी एकच काम सांगितले, पण पूर्ण सांगितले.

ते काम श्रवणबेळगोळच्या मराठी शिलालेखावरचा माझा छोटा प्रबंध होता. विंध्यगिरीवर गोमटेश्वराच्या पायाशी 'श्री चावुंडराजें करवियलें' आणि 'श्री गंगराजें सुत्ताले करवियलें' अशा दोन ओळी नागरी लिपीत आहेत. चावुंडराय हा दहाव्या शतकातला गंग राजांचा मंत्री, तर गंगराज हा बाराव्या शतकातला होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचे आवार, म्हणजे सुत्तालय, त्याने बांधवले. दोन्ही ओळींची अक्षरे सारख्या वळणाची असतील तर पहिली ओळही गंगराजाच्या काळातच कोरली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मी प्रबंधात हे मत उचलून धरले होते. तेव्हा सरांनी समासात विचारले होते की अक्षरवळण सारखे आहे हे तू कोणत्या अक्षरांवरून ठरवतेस. त्यावर मी छायाचित्रांवरून दोन्ही ओळींतली 'र', 'ज' आणि 'ल' ही अक्षरे शेजारी शेजारी मांडून त्या भागाचे पुनर्लेखन केले आणि निष्कर्षाचा सूरही सौम्य केला.

ई-मेलमध्ये हे सारे चार वाक्यांत आले: प्रबंधाचा विषय, सरांचा प्रश्न, त्यावर मी केलेला बदल आणि त्यातून मी काय शिकले. सुरुवात अशी होती: "श्रवणबेळगोळद मराठी शासनद बग्गे तम्म मार्गदर्शनदल्लि किरुप्रबंध बरेदिद्दे." म्हणजे श्रवणबेळगोळच्या मराठी शिलालेखाबद्दल आपल्या मार्गदर्शनाखाली छोटा प्रबंध लिहिला होता; इथे शासन म्हणजे शिलालेख. या परिच्छेदात मी स्वतःला एकही विशेषण लावले नाही. विद्यापीठाच्या सूचनांत शिफारस करणाऱ्याने उमेदवाराची स्वतंत्र अभ्यासाची क्षमता आणि टीका स्वीकारून काम सुधारण्याची तयारी यांवर लिहावे असे म्हटले होते. तो प्रसंग दोन्हींना उत्तर देणारा होता आणि सरांनी तो स्वतः पाहिलेला होता. गुण, पुरस्कार, एन.एस.एस. यांतले काहीही ई-मेलमध्ये घातले नाही. गुण सोबतच्या गुणपत्रिकेत होतेच.

सोबत तीन गोष्टी जोडल्या: गुणपत्रिका, प्रबंधाची शेरे असलेली प्रत आणि इंग्रजीतले एक पान. त्या पानावर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, विद्यापीठाचे अपेक्षित मुद्दे, शेवटची तारीख, मी सरांकडे कोणते विषय कोणत्या वर्षी शिकले आणि प्रबंधाचे इंग्रजी शीर्षक एवढेच होते. विनंती कन्नडमध्ये आणि पत्र इंग्रजीत, यामुळे सरांवर भाषांतराचे ओझे पडू नये हा त्या पानाचा हेतू होता. शिफारसपत्राचा तयार मसुदा मात्र मी दिला नाही. आपल्याकडे काही प्राध्यापक 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे म्हणतात हे मला माहीत आहे, पण तसे पत्र विद्यार्थ्याला जेवढे माहीत तेवढेच सांगते. वर्गात मागे उभे राहून शिक्षकाने जे पाहिले ते त्यात येत नाही. विद्यापीठालाही पत्र शिफारस करणाऱ्याच्याच शब्दांत हवे असते.

टंकलेखनाबद्दल थोडेसे. धारवाडच्या अनेक संगणकांवर अजून जुन्या पद्धतीचा 'नुडी' फॉन्ट वापरला जातो. त्यात लिहिलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, म्हणून युनिकोडमध्येच लिहावे. दुसरी अडचण 'सर्' या शब्दाची. त्याला प्रत्यय जोडला की कन्नडमध्येही 'र' पुढच्या अक्षराला चिकटतो, आपल्याकडे रफार होतो तसा, आणि शब्द ओळखू येत नाही. मी प्रत्यय न जोडता 'सर् अवरिगे' असे सुटे लिहिले. ते अधिक आदराचेही आहे. विषयाच्या ओळीत 'स्नातकोत्तर प्रवेशक्कागि शिफारसु पत्रद कोरिके' आणि पुढे माझे नाव व वर्ग एवढे घातले. सुरुवात 'मान्य सर् अवरिगे नमस्कारगळु' आणि शेवट 'वंदनेगळोंदिगे, तम्म विद्यार्थिनि' असा केला.

एक गोष्ट पत्र पाठवण्यापूर्वीच ठरवून ठेवली होती. अर्जाच्या संकेतस्थळावर शिफारस करणाऱ्याचे नाव व ई-मेल भरून जतन केले की त्यांना विद्यापीठाकडून आपोआप पत्र जाते. सरांचा होकार येण्याआधी तसे पत्र पोहोचणे म्हणजे विचारण्यापूर्वीच गृहीत धरणे झाले असते. त्यामुळे ती जागा रिकामी ठेवली. होकारासोबतच सरांनी आपला महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता कळवला. तोच लागतो, कारण अनेक विद्यापीठे खासगी पत्ते स्वीकारत नाहीत किंवा वेगळी खातरजमा मागतात.

सरांचे उत्तर दोन ओळींचे होते. पत्र लिहीन, पण अक्षरांच्या तुलनेचा तक्ता पुन्हा पाठव, असे त्यांनी लिहिले होते. तक्ता लगेच पाठवला आणि मगच नाव भरले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातही माझ्या खात्यात पत्र आल्याची नोंद दिसेना, तेव्हा आठवण करून देणे भाग होते. 'नेनपिसुत्तिद्देने', म्हणजे आठवण करून देते, हे विद्यार्थिनीने सरांना म्हणणे मला रुचले नाही. "विश्वविद्यालयदिंद तमगे लिंक् बंदिदेये एंदु तिळियलु बरेयुत्तिद्देने," असे लिहिले: विद्यापीठाकडून आपल्याला लिंक आली आहे का, हे जाणून घेण्यासाठी लिहीत आहे. खाली शेवटची तारीख पुन्हा दिली आणि तो ई-मेल कदाचित स्पॅममध्ये गेला असेल, विषयाच्या ओळीत विद्यापीठाचे नाव असेल, हेही कळवले. तो खरोखर स्पॅममध्येच होता. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात पत्र मिळाल्याची नोंद आली. त्याच संध्याकाळी मी सरांना आभाराचा ई-मेल लिहिला आणि निकाल मार्चमध्ये अपेक्षित आहे, तो लागताच कळवीन, असे त्यात नमूद केले.