हिमोग्लोबिन १४.८ होतं, तिथेच चुकलं

बाईंच्या पहिल्या सीबीसीवर सही माझीच होती. वय ५२, तक्रार थकव्याची. हिमोग्लोबिन १४.८, प्लेटलेट ७ लाख ८० हजार, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६. लोह कमी पडलं की प्लेटलेट वाढू शकतात, हे आम्हा पॅथॉलॉजिस्टना तोंडपाठ असतं. शेऱ्यात मी तेच लिहिलं आणि फिजिशियननी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. उजव्या डोळ्यापुढे दहा मिनिटं अंधार झाला होता, मग आपोआप दिसायला लागलं. हिमोग्लोबिन १८.४, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५८ टक्के.

मी जुना रिपोर्ट काढला आणि त्या दिवशी नजर न टाकलेल्या ओळी वाचल्या. तांबड्या पेशी ७१ लाख. पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६८. नॉर्मलला तो निदान ८० तरी हवा. पेशींच्या आकारातला फरक दाखवणारा आरडीडब्ल्यू २२. लोह इतकं संपलेलं असताना १४.८ हिमोग्लोबिन आलं कुठून, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. लहान पेशी आणि वाढलेली संख्या थॅलेसेमिया मायनरमध्येही दिसते, पण तिथे हिमोग्लोबिन बहुधा थोडं खालीच असतं आणि आरडीडब्ल्यू एवढा पसरत नाही. इथे हाडांतली मज्जा बेसुमार पेशी बनवत होती आणि त्यातच साठ्यातलं लोह संपलं होतं. लोहाचा तुटवडा हाच तिला एकमेव लगाम होता, आणि तो आम्ही गोळ्या देऊन सैल केला. हिमॅटोक्रिटही तेव्हाच ४८.३ होता, बायकांसाठीच्या ४८ च्या रेषेच्या वर. शेजारी मशीननं एच छापलेला होता. पण हिमोग्लोबिन ठीक दिसलं की खालच्या ओळी कोणी वाचत नाही. वॉर्डातही हेच चालतं आणि मला त्याचा राग येतो. त्या दिवशी मीही तेच केलं होतं.

आता संशय पॉलिसायथेमिया व्हेराचा होता, तांबड्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या मज्जेच्या आजाराचा. त्याची एक खूण म्हणून त्यांना विचारलं, आंघोळीनंतर अंग खाजतं का? ‘दोन वर्षं झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलंय,’ त्या म्हणाल्या.

जॅक-२ जनुकातला व्ही६१७एफ हा बदल पॉझिटिव्ह आला. ज्युनियर म्हणाला, झालं निदान. नाही झालं. २००५ साली सापडलेला हा बदल पॉलिसायथेमियात जवळजवळ सगळ्यांत असतो, पण फक्त प्लेटलेट वाढवणाऱ्या इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात आणि मज्जेत तंतू माजवणाऱ्या मायलोफायब्रोसिसमध्येही तो निम्म्याहून जास्त जणांत सापडतो. बदललेल्या जनुकाच्या त्या चुकलेल्या हुकमाचं मज्जा काय करते, हे स्लाइडवरच दिसतं. एरिथ्रोपोएटिन अगदी कमी आलं, म्हणजे पेशी बनवायचा हुकूम मूत्रपिंडाकडून येत नव्हता. बायॉप्सीत चरबी जवळपास नव्हतीच. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट बनवणाऱ्या, तिन्ही घराण्यांची गर्दी. नुसत्या थ्रॉम्बोसायथेमियात बाकी मज्जा बरीचशी शांत असते आणि हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या केंद्रकाच्या मोठ्या मेगाकॅरिओसाइट, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी, तेवढ्या उठून दिसतात.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णाची मज्जा काढताना सिरिंज कितीही ओढली तरी कोरडीच राहिली. त्यांची प्लीहा बेंबीपर्यंत आलेली, रक्तात अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी. चांदीच्या रंगप्रक्रियेत जाड काळ्या तंतूंचं जाळं, ग्रेड ३. हा मायलोफायब्रोसिस. ते तंतू विणणाऱ्या पेशी बहुतांशी मूळ रोगाच्या वंशातल्या नसतात. बिघडलेल्या मेगाकॅरिओसाइट टीजीएफ-बीटा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि या पेशी त्याला प्रतिसाद देतात. सुरुवातीच्या टप्प्यात, तंतू दिसण्याआधी, हा रोग फक्त वाढलेल्या प्लेटलेट दाखवतो आणि थ्रॉम्बोसायथेमिया म्हणून खपतो. तेव्हा ढगासारख्या गडद केंद्रकांच्या मेगाकॅरिओसाइटचे दाट घोळके शोधावे लागतात. बाईंच्या मज्जेत तंतूंची ग्रेड १ होती. पॉलिसायथेमियातून पुढे काहींना फायब्रोसिस होतो, म्हणून तो आकडा मी रिपोर्टात वेगळ्या ओळीत लिहिला.

लोह बंद केलं, कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन सुरू झालं आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली येईपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी रक्त काढलं. काढलेल्या रक्ताबरोबर लोह जातं, म्हणजे जो तुटवडा मी आजार समजले होते तोच आता आम्ही मुद्दाम टिकवतो. बाईंना थकवा अजून आहे. ‘मग माझ्या लोहाचं काय?’ असं त्या दर वेळी विचारतात, आणि त्या थकव्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

परवाचा रिपोर्ट: हिमॅटोक्रिट ४४, फेरिटिन ५. मशीननं फेरिटिनपुढे लाल एल छापला. त्याखाली मी हातानं लिहिलं: पॉलिसायथेमिया व्हेरा, रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लोह देऊ नये.