क्रूड फायबर: दोन वजनं जुळेनात तेव्हा

पशुखाद्याचा एकच नमुना, एकाच दिवशी, शेजारी शेजारी उकळलेला. एका बीकरचं क्रूड फायबर आलं 10.2 टक्के, दुसऱ्याचं 12.4. वजन नोंदवताना चूक झाली असेल म्हणून आधी वही तपासली. वही बरोबर होती.

पद्धत तशी जुनीच. एक मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला सुमारे 2 ग्रॅम नमुना 1.25 टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या 200 मिलीमध्ये बरोबर 30 मिनिटं उकळायचा, गाळायचा, गरम पाण्यानं धुवायचा. मग 1.25 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या 200 मिलीमध्ये तेच. ॲसिडनं स्टार्च आणि साखर जाते, अल्कलीनं प्रथिनं जातात. जो चोथा उरतो तो सुकवून वजन घ्यायचं, मग जाळून पुन्हा घ्यायचं; जेवढं जळून गेलं ते क्रूड फायबर. कागदावर यात चुकायला जागाच नाही असं वाटतं.

सगळा खेळ गाळण्यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ॲसिडनंतर पहिला बीकर कापडातून दोन मिनिटांत उतरला. दुसरा अडला. कापडावर पिवळसर, जेलीसारखी साय बसली होती. पंप चालू असूनही थेंब थेंब येत होता. वैतागून मी धुणं अर्ध्यावर सोडलं आणि तो ओला गोळा तसाच अल्कलीत टाकला. लिटमस लावलाच नाही.

वरिष्ठ मॅडमनी सुकलेल्या दोन्ही क्रूसिबलकडे एकदा पाहिलं. पहिल्यात चोथा सुटा, भुसभुशीत होता. दुसऱ्यात तपकिरी, कडक पापडी धरली होती. "हे फायबर नाही, न विरघळलेलं प्रथिन आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हिशेब मांडून दाखवला. अल्कली 0.313 नॉर्मल, म्हणजे 200 मिलीमध्ये 62.6 मिलीइक्विव्हॅलंट. ॲसिड 0.255 नॉर्मल. त्या गोळ्यात 20 मिली ॲसिड अडकलं असेल, तर 5.1 मिलीइक्विव्हॅलंट अल्कली तिथंच खर्ची पडली, म्हणजे सुमारे आठ टक्के. त्यात गोळा पसरलाच नाही, अल्कली आतपर्यंत पोचणार कशी?

आणि साय धरायचं कारण? मी नमुन्यातलं तेल काढलंच नव्हतं. खाद्यात तेल बरंच होतं, तरी मला वाटलं की अल्कलीत साबण होऊन निघून जाईल. काही जातंही, पण त्याआधी ॲसिडच्या टप्प्यात ते कापडाची छिद्रं बुजवतं.

दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात केली. आधी नमुना तोलला, मग पेट्रोलियम ईथरनं तेल काढलं. क्रम महत्त्वाचा, कारण टक्केवारी मूळ वजनावर काढायची असते. ईथर पूर्ण उडेपर्यंत नमुना हॉटप्लेटजवळ नेला नाही; हा इशारा वाचकांनीही लक्षात ठेवावा. उकळताना कंडेन्सर होता, नाहीतर पाणी उडून ॲसिड तीव्र होतं. मधूनमधून बीकर फिरवून कडेला चिकटलेले कण खाली घेतले. गाळणं आता झरझर झालं. लिटमस निळा राहीपर्यंत गरम पाण्यानं धुतलं, मगच उकळती अल्कली.

शेवटी चोथा क्रूसिबलमध्ये घेतला, गरम पाणी, थोडं ॲसिड, पुन्हा पाणी, शेवटी अल्कोहोल. 130 अंशांवर दोन तास ओव्हन, डेसिकेटरमध्ये थंड, वजन. मग मफल फर्नेसमध्ये 550 अंशांवर दोन तास.

एका क्रूसिबलचे आकडे देतो. नमुना 2.0130 ग्रॅम. रिकामं क्रूसिबल 28.1490, सुकलेल्या चोथ्यासह 28.4126, जाळल्यानंतर 28.2084. जळून गेलं 0.2042. नुसत्या रसायनांच्या ब्लँकमध्ये 0.0012 गेलं होतं, ते वजा केलं. उरलं 0.2030, म्हणजे 10.08 टक्के. जोडीदार आला 10.21.

जाळलंच नसतं तर? चोथा 0.2636 ग्रॅम होता, म्हणजे 13.1 टक्के. तीन टक्क्यांचा फरक निव्वळ राखेचा. खाद्यात भाताचा कोंडा होता आणि त्याबरोबर आलेल्या तुसात सिलिका भरपूर असते. तिच्यातली बरीचशी ना ॲसिडनं जाते ना अल्कलीनं.

पण जाळल्यानं आदल्या दिवशीची चूक सुधारली नसती. राख वजा केली की फक्त खनिजं बाजूला होतात. जे जळतं ते सगळं फायबरच्या खात्यात जमा होतं, मग ते प्रथिन असो की तेल. माझे 12.4 टक्के जाळून, राख वजा करून आलेलेच होते.

उलट्या बाजूचंही एक सांगायला हवं. या पद्धतीत काही हेमिसेल्युलोज आणि लिग्निनही विरघळून जातं, त्यामुळे 10.1 हा आकडा खाद्यातल्या सगळ्या तंतूंचा नव्हे. म्हणूनच 30 मिनिटं म्हणजे 30 मिनिटंच; अल्कलीत उकळून झाल्यावर चहाला गेलात, तर आकडा घसरतो. तेही मी एकदा करून पाहिलंय.